नोकरीतल्या चॅटची प्रत कोणाला मिळावी?

नोटीस पिरियड संपत आला की आयटीत काम करणाऱ्या बहुतेकांना एकच चिंता लागते. इतकी वर्षे टीम्सवर किंवा स्लॅकवर जे लिहिले-वाचले, ते शेवटच्या दिवशी खाते बंद होताच हातातून जाणार. त्यात कोणाची शाबासकी असते, कोणाचा शब्द असतो, रात्री अकराला आलेले ‘एवढे करून टाक’ असते, मंजूर झालेली रजा असते. या सगळ्याची एक प्रत आपल्याकडे असावी असे वाटण्यात गैर काही नाही. पण ‘मी लिहिले म्हणजे माझे’ या समजुतीवर ती इच्छा उभी केली की ती कोसळते. कायद्यात कोसळते आणि न्यायाच्या साध्या हिशेबातही कोसळते. माझे म्हणणे असे की कर्मचाऱ्याला प्रत मिळालीच पाहिजे, पण त्याने लिहिलेल्या मजकुराची नव्हे, त्याच्या नोकरीविषयी जे लिहिले गेले त्याची. ते कोणी का लिहिलेले असेना.

हा फरक नीट कळावा म्हणून एक कल्पित, पण ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. हिंजवडीतल्या एका कंपनीत चार वर्षे काम करणारी एक अभियंता आहे. तिचा ग्राहक म्हणजे एक परदेशी बँक. एका शनिवारी संध्याकाळी चॅटवर चार संदेश येतात. व्यवस्थापक लिहितो, ‘आज रात्री रिलीज आहे, तू थांब. दोन दिवसांचा कॉम्प-ऑफ देतो.’ ती लिहिते, ‘थांबते. पण एका खात्यात रक्कम चुकीची दिसतेय, लॉग टाकते,’ आणि त्याखाली बँकेच्या एका ग्राहकाच्या खाते क्रमांकासह सात-आठ ओळी चिकटवते. तिसरा सहकारी लिहितो, ‘मला जमणार नाही, उद्या आईची केमो आहे.’ व्यवस्थापक उत्तर देतो, ‘हरकत नाही, ती एकटी बघेल.’

आता ‘मी लिहिले ते माझे’ हा नियम लावून पाहा. तिच्या वाट्याला फक्त दुसरा संदेश येतो. चारांपैकी बाहेर जाऊ नये असा सर्वांत धोक्याचा संदेश नेमका तोच, कारण त्यात तिसऱ्याच माणसाच्या बँक खात्याचा तपशील आहे. उलट तिला खरोखर गरज आहे ती पहिल्या आणि चौथ्या संदेशाची. कॉम्प-ऑफ, म्हणजे जादा कामाच्या बदल्यातली सुट्टी, कबूल केला होता आणि काम तिच्या एकटीवर टाकले होते, हे त्यातून कळते. हे दोन्ही तिने लिहिलेले नाहीत. तिसऱ्या संदेशाशी तिचा काही संबंध नाही. सहकाऱ्याच्या आईचे आजारपण कोणाच्याही पेन ड्राइव्हवर जाता कामा नये. म्हणजे न्याय्य प्रत अशी निघेल: पहिला संदेश पूर्ण, दुसऱ्यातले ‘थांबते’ एवढेच आणि लॉग काळा केलेला, तिसरा वगळलेला, चौथा पूर्ण, आणि प्रत्येकासोबत तारीख-वेळ.

गंमत नाही, पण चॅटची यंत्रणादेखील हीच चूक करते. स्लॅकमधून प्रशासक जेव्हा डेटा बाहेर काढतो, तेव्हा एक झिप फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक चॅनेलचा एक फोल्डर असतो आणि फोल्डरात प्रत्येक दिवसाची एक जेसॉन फाइल. माणसानुसार मांडणी नसतेच. आतला एक संदेश साधारण असा दिसतो:

```
{"user":"U012AB3CD",
 "text":"थांबते. पण एका खात्यात ...",
 "ts":"1718461200.000100"}
```

`user` म्हणजे लिहिणाऱ्याचा ओळख क्रमांक. `ts` म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. वरचा आकडा उलगडला तर १५ जून २०२४, शनिवार, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजून ५० मिनिटे असा निघतो. एखाद्या कंपनीने दिलदारपणे ‘तुझे संदेश तुला देतो’ म्हटले आणि तिच्या ओळख क्रमांकाने चाळणी लावली, तर व्यवस्थापकाचे दोन्ही संदेश गळून जातील आणि बँकेचा लॉग तेवढा शिल्लक राहील. कंपनीचा धोका वाढला आणि कर्मचाऱ्याच्या हाती काही आले नाही, असा हा उलटा व्यवहार. म्हणून धोरण लिहिताना ‘कोणी लिहिले’ हे विचारायचे नाही. ‘कोणाविषयी आहे’ हे विचारायचे.

टीम्समध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथले वैयक्तिक आणि छोट्या गटातले संदेश, नियमपालनासाठी शोधता यावेत म्हणून, प्रत्येकाच्या मेलबॉक्समधल्या एका लपलेल्या फोल्डरात साठवले जातात. चॅनेलमधले संदेश त्या गटाच्या मेलबॉक्समध्ये जातात. कर्मचाऱ्याला तो फोल्डर दिसत नाही. प्रशासक मात्र मायक्रोसॉफ्ट पर्व्ह्यूमधल्या ई-डिस्कव्हरीने व्यक्ती, कालावधी आणि शब्द देऊन त्यात शोधू शकतो. ‘हे काढणे तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही’ असे एचआरकडून ऐकू आले, तर ते सहसा खरे नसते. कंपनीवर कोणी दावा ठोकला की याच साधनाने संदेश निघतात. पण मुदत मर्यादित असते. खाते काढून टाकल्यावर मेलबॉक्स साधारण ३० दिवस परत मिळवता येतो, आणि कंपनीने जतन करण्याचे धोरण किंवा रोखून धरण्याचा आदेश लावलेला नसेल तर त्यानंतर तो कायमचा जातो.

कायदा काय देतो? आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. नागरिकांच्या हक्कांचा मुख्य भाग त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यायचा आहे. या कायद्याकडून अनेकांना मोठी आशा आहे. पण चॅटच्या बाबतीत ती आशा कलम ७ आणि कलम ११ शेजारी ठेवून वाचली की बरीच ओसरते. कलम ११ माहिती मागण्याचा हक्क देते, तो ज्याने संमती देऊन आपला डेटा सोपवला त्याला. कलम ७ मात्र नोकरीच्या कारणासाठी, तसेच व्यापारी गुपिते आणि गोपनीयता सांभाळून मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीविना डेटा वापरायची मुभा मालकाला देते. म्हणजे कंपनीने ‘हा डेटा आम्ही नोकरीच्या कारणासाठी ठेवला, संमतीवर नाही’ अशी भूमिका घेतली की कलम ११ चा दरवाजा कर्मचाऱ्यासाठी जवळपास बंद होतो. तो उघडा राहिला तरी त्यातून मिळतो तो डेटाचा सारांश. प्रत मिळते असे कलम म्हणत नाही.

युरोपात चित्र वेगळे आहे. तिथल्या डेटा संरक्षण कायद्याचे, म्हणजे जीडीपीआरचे, कलम १५ स्पष्टपणे ‘प्रत’ म्हणते, त्यातून कर्मचारी वगळलेले नाहीत, आणि उत्तर साधारण एका महिन्यात द्यावे लागते. ४ मे २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने ऑस्ट्रियातल्या एका प्रकरणात सांगितले की प्रत म्हणजे त्या व्यक्तीविषयीच्या सगळ्या माहितीची विश्वासू आणि समजेल अशी प्रतिकृती. त्यासाठी गरज असेल तर दस्तऐवजाचे उतारे किंवा पूर्ण दस्तऐवजही द्यावेत. त्याच कलमात इतरांच्या हक्कांना बाधा येऊ नये अशी अटही आहे, म्हणजे केमोचा संदेश तिथेही झाकलाच जातो. मला यात बोचते ते असे: पुण्यातली कंपनी तीच, प्रकल्प तोच, चॅनेलही तेच. जर्मनीतल्या शाखेत बदलून गेलेला मराठी अभियंता ही प्रत मागू शकतो आणि हिंजवडीत त्याच चॅनेलवर बसलेली त्याची सहकारी मागू शकत नाही. कंपनीकडे यंत्रणाही आहे आणि अनुभवही आहे. नाही तो फक्त इथल्या माणसासाठीचा नियम.

‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ हे उत्तरही मला पटत नाही, कारण आपल्याकडे पद्धत आहे. सरकारी नोकरीत सेवापुस्तक असते. त्यात रजा, वेतनवाढ, बदली सगळे नोंदवले जाते आणि त्याची दुय्यम प्रत कर्मचाऱ्याने स्वतःजवळ ठेवण्याची रीत महाराष्ट्रात रुळलेली आहे. गोपनीय अहवाल तर नावातच गोपनीय. तरीही २००८ मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अहवालातली प्रत्येक नोंद, बरी असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. ज्या नोंदीवर माणसाची बढती ठरते ती त्याच्यापासून लपवणे हा मनमानीपणा, असा त्या निकालाचा गाभा. तो निकाल सरकारी सेवेपुरता आहे आणि खासगी कंपनीला बांधत नाही, हे मान्य. पण खासगी नोकरीत सेवापुस्तकाची जागा आज कशाने घेतली आहे ते पाहा. नेमणूकपत्र आणि पगाराची स्लिप सोडली, तर रजेची मंजुरी, कामाच्या वेळा, कॉम्प-ऑफ, ‘पुढच्या सायकलला तुझे नाव देतो’ हे सगळे चॅटवर होते. सेवापुस्तक चॅटमध्ये विरघळले, आणि त्याची दुय्यम प्रत मात्र कोणी दिली नाही.

दुसऱ्या बाजूचा मोह आता पाहू. मित्र सांगतात, ‘मागत काय बसलीस, गुपचूप काढून घे.’ कोणी स्वतःच्या जीमेलवर पाठवते, कोणी स्क्रिप्ट चालवून महिनोन्‌महिन्यांचे संदेश ओढते. हे करू नये असे मी ठामपणे म्हणतो, आणि ते कंपनीच्या भल्यासाठी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ यंत्रणेच्या मालकाच्या परवानगीविना डेटा उतरवून घेण्याला किंवा त्याची प्रत काढण्याला भरपाईची जबाबदारी लावते. तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तिला चॅट वाचायची परवानगी आहे, याचा अर्थ बाहेर न्यायची आहे असा होत नाही. कॉपीराइटचाही आधार मिळत नाही. नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो असे १९५७ च्या कायद्याचे कलम १७ सांगते. त्यातही राजीनाम्यानंतर लॅपटॉपवर नजर जास्त कडक असते. एकदम मोठा मजकूर बाहेर गेला की सुरक्षा विभागाला इशारा जातो. मग कॉम्प-ऑफचा प्रश्न बाजूला पडतो, डेटा चोरीची चौकशी पुढे येते आणि रिलीव्हिंग लेटर अडकते. दोन दिवसांच्या सुट्टीचा खरा दावा असलेली बाई बँकेच्या खातेदाराचा तपशील घरी नेणारी म्हणून उभी केली जाते. तिथे तिची बाजू खरोखरच लंगडी पडते, कारण त्या खातेदाराने तिला परवानगी दिलेली नसते.

चोरून काढलेली प्रत पुरावा म्हणूनही कच्ची असते. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. कापलेला स्क्रीनशॉट दाखवला की समोरचा वकील पहिला प्रश्न हाच करणार, की वरचे आणि खालचे संदेश कुठे आहेत.

आता सगळ्यात गंभीर जागा. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि समितीला योग्य कारण वाटले तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात, असे २०१३ चा कायदा सांगतो. अंतर्गत समितीला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण कंपनीने चॅट ३० दिवसांनी आपोआप पुसले जाईल असे लावून ठेवले असेल, तर समिती मागवणार काय? साठवण कमी ठेवणे एरवी चांगले. जेवढा डेटा कमी तेवढी गळती कमी, आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण कायद्याने दिलेल्या तक्रारीच्या मुदतीपेक्षा साठवणीची मुदत कमी ठेवणे म्हणजे तक्रारदाराच्या हातातला पुरावा आधीच काढून घेणे. माझ्या मते कोणत्याही कंपनीत वैयक्तिक चॅटची साठवण सहा महिन्यांहून कमी नसावी, आणि तक्रार आली की त्या दोघांच्या संवादाचे पुसणे त्याच दिवशी थांबवावे. ही सोय यंत्रणेत आहे, एक आदेश द्यावा लागतो. अशा प्रसंगी बाईने स्वतःला आलेल्या घाणेरड्या संदेशांचे स्क्रीनशॉट समितीकडे द्यावेत, जरूर द्यावेत. ते समितीकडे देणे आणि समाजमाध्यमावर टाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारीतला मजकूर प्रसिद्ध करायला तोच कायदा कलम १६ खाली मनाई करतो.

कंपन्यांचे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यातला एक खरोखर वजनदार आहे. प्रत्येक जाणारा माणूस चार वर्षांचे चॅट मागू लागला, तर ओळ न् ओळ वाचून ग्राहकाची माहिती झाकायला माणसे कुठून आणायची? म्हणून सरसकट प्रत मागण्याचा हक्क मी मागतच नाही. मागणी करणाऱ्याने कालावधी, व्यक्ती आणि विषय सांगावा. ‘जून २०२४ मधला माझा आणि माझ्या व्यवस्थापकाचा कॉम्प-ऑफविषयीचा संवाद’ ही मागणी ई-डिस्कव्हरीत काही मिनिटांत शोधता येते आणि झाकायला निघतात थोडे संदेश. विषय ठरलेले असावेत: रजा, कामाची वेळ, पगार आणि भत्ते, कामगिरीचा शेरा, शिस्तभंग, तक्रार. कोड, रचना, ग्राहकाचा डेटा, इतरांची खासगी बाब यांना हात नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे, आणि नाकारले तर कशासाठी नाकारले ते लिहून द्यावे. मुख्य म्हणजे हा अर्ज खाते बंद होण्याआधी आला, तर उत्तर देईपर्यंत तो मेलबॉक्स पुसला जाऊ नये.

‘ग्राहकाशी आमचा गोपनीयतेचा करार आहे’ हे दुसरे उत्तर नेहमी येते. तो करार बँकेच्या खात्यांना, कोडला, दरांना लागू होतो. व्यवस्थापकाने दिलेल्या सुट्टीच्या शब्दाला तो कसा लागू होईल? लॉग काळा केल्यावर उरते त्यात ग्राहकाचे काहीच नसते. गोपनीयता ग्राहकासाठी असते, व्यवस्थापकाचा शब्द विसरला जावा यासाठी नसते.

असा नियम येईपर्यंत त्या अभियंत्याने काय करावे? शब्द दिला गेला त्याच वेळी तो ईमेलवर आणावा: ‘आज चॅटवर ठरल्याप्रमाणे शनिवारच्या रिलीजबद्दल दोन दिवसांचा कॉम्प-ऑफ, कृपया नोंद घ्यावी,’ आणि हाच अर्ज रजेच्या पोर्टलवरही टाकावा. ग्राहकाचा एकही तपशील न घेता स्वतःच्या वहीत तारीख, वेळ आणि कोण काय म्हणाले ते टिपावे. तिच्या आठवणीची टिपणे हा कंपनीच्या यंत्रणेतला डेटा नव्हे. मग नोटीस पिरियड संपायच्या बऱ्याच आधी एचआरला लेखी मागणी करावी, त्यात तारखा आणि चॅनेलचे नाव द्यावे, आणि हे संदेश जतन करून ठेवावेत असे स्पष्ट लिहावे. त्या पत्राची प्रत तिच्या स्वतःच्या पत्त्यावर असायला हरकत नाही, कारण ते तिचेच पत्र आहे.

उत्तर नकाराचे आले किंवा आलेच नाही, तरी ते पत्र वाया जात नाही, आणि याचे कारण जालन्यात आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज वेळ टळल्यावर घेतले गेले असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांच्या बाजूचा दावा होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलेच चित्रीकरण. त्याचे प्रमाणपत्र ज्या अधिकाऱ्यांनी द्यायचे, त्यांनी वारंवार मागूनही दिले नाही. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकीकडे प्रमाणपत्र सक्तीचेच ठेवले. पण ज्याच्या ताब्यात यंत्र नाही आणि ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळे केले, त्याला त्या उणिवेची शिक्षा देता येणार नाही, असेही सांगितले. अशा माणसाने न्यायालयाकडे अर्ज करावा आणि न्यायालयाने ताबेदाराकडून ते मागवावे, ही वाटही दाखवली. तो निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब वर होता. नव्या कायद्याचे कलम ६३ त्याच जागी आले आहे. चॅटचा सर्व्हर कंपनीच्या ताब्यात असलेल्या कर्मचाऱ्याची अवस्था तीच आहे. प्रकरण पुढे गेलेच, तर तारीख, चॅनेल आणि व्यक्ती नमूद करून वेळेत केलेली मागणी आणि तिच्यावर आलेला नकार, हे दोन कागद तिला दाखवता आले पाहिजेत.